बनावट कमेंटची लाट हटवताना करावयाची तयारी

सांगलीच्या मार्केट यार्डातील राजापुरी हळदीच्या सौद्यांचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवला आणि रात्रीतून त्याखाली शेकडो बनावट कमेंट आल्या, असे समजू. एक खाते ‘मॅडमच्या सल्ल्याने पैसे दुप्पट झाले’ असे लिहिते, दुसरे ‘त्यांच्याशी बोलायचे कसे?’ असे विचारते आणि तिसरे व्हॉट्सअॅप क्रमांक देते. अशा वेळी प्रथम त्या व्हिडिओच्या कमेंट सेटिंगमध्ये Pause निवडावे. त्यामुळे जुन्या कमेंट दिसत राहतात आणि नव्या थांबतात. कमेंट पूर्ण बंद केल्यास शेतकऱ्यांचे खरे प्रश्नही दिसेनासे होतात, म्हणून तो मार्ग टाळावा.

यानंतर लगेच पुसायला न बसता वीसेक बनावट कमेंट वाचून त्यांतील समान धागा कागदावर टिपावा, कारण पुढचे सारे काम त्या धाग्यावर अवलंबून असते. Blocked words, म्हणजे ज्या शब्दांच्या कमेंट यूट्यूब तपासणीसाठी अडवून ठेवते त्या यादीसाठी, ‘नंबर’ हा शब्द मोहात पाडतो. पण ‘अडत्याचा नंबर द्या’ असे विचारणारा तासगावचा शेतकरीही त्यात अडकेल. त्यापेक्षा कथित सल्लागाराचे पूर्ण नाव किंवा ‘पैसे दुप्पट’ हा जोडशब्द Blocked words मध्ये घालावा. बनावट खाती रोमन अक्षरांच्या जागी तशीच दिसणारी परकी अक्षरे वापरतात, तेव्हा नाव हाताने टंकण्याऐवजी कमेंटमधून जसेच्या तसे उचलून चिकटवावे आणि साधे रूपही सोबत ठेवावे. Block links चालू करण्यास हरकत नाही. मात्र पुष्कळदा दुवा कमेंटमध्ये नसून खात्याच्या पानावर असतो, त्यामुळे त्यावर विसंबू नये.

ही चाळणी फक्त पुढे येणाऱ्या कमेंटना लागते. आधीचा कचरा हाताने काढावा लागतो. त्यासाठी यूट्यूब स्टुडिओच्या कमेंट विभागात तेच शब्द शोधावेत, यादी शेवटपर्यंत खाली सरकवावी, सर्व निवडावे आणि काढून टाकण्याआधी एकदा नजर फिरवून खऱ्या माणसांच्या कमेंटवरील खूण काढावी, कारण काढलेली कमेंट परत आणता येत नाही. मूळ कमेंट काढली की तिच्याखालची उत्तरेही जातात; म्हणून खऱ्या शेतकऱ्याच्या प्रश्नाखाली बनावट साखळी असेल, तर प्रश्न राखून उत्तरेच वेचावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. खात्री पटलेली खाती चॅनेलवरून लपवावीत. चूक झाल्यास ती यादीतून पुन्हा मोकळी करता येतात.

कमेंट पुन्हा सुरू करताना त्या व्हिडिओपुरती कडक तपासणी ठेवावी आणि पुढचे काही दिवस सकाळ-संध्याकाळ अडवलेल्या कमेंटचा Held for review हा विभाग उघडून अडकलेले खरे प्रश्न सोडावेत. तिथे कमेंट जास्तीत जास्त 60 दिवस राहते. तिथे खऱ्या कमेंट अधिक दिसू लागल्या, तर कोणता शब्द त्यांना अडवतो ते पाहून तो यादीतून वगळावा.