बाटल्यांवर पांढरी पूड दिसली की कपाट आधी बघा

आमच्याकडे रत्नागिरीत पावसाळ्यात लॅबचं कपाट उघडलं तर सगळ्या बाटल्यांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी पूड, मुलांना वाटलं बुरशी, कोकणात वाटणारच म्हणा. पण ती बुरशी नव्हती, हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि लिकर अमोनिया शेजारी ठेवलेले, दोघांची वाफ झाकणातून निसटते आणि हवेत भेटून अमोनियम क्लोराइड होतं, तेच बाटल्यांवर बसतं. म्हणजे झाकणं सैल आहेत आणि मांडणी चुकलीय.

उपाय सोपा आहे. दोन्ही वेगवेगळ्या कपाटांत, खालच्या फळीवर, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा. ॲसिड लोखंडी कपाटात नकोच, खाऱ्या हवेने आधीच गंज आणि त्यात ही वाफ, बिजागऱ्या गळून पडतात. लेबल पेन्सिलने लिहून वरून सेलोटेप, शाई ओलीने पसरते.

ॲसिड अंगावर उडालं तर लगेच नळाखाली, कपडे काढून निदान 15-20 मिनिटं पाणी, डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून तेवढंच आणि मग डॉक्टर. वर सोडा चोळू नका. मे महिन्यात टाकी कोरडी असते, म्हणून प्रॅक्टिकलआधी नळ सोडून बघायचा, पाणी नसेल तर प्रॅक्टिकल नाही.

आणि नियमांच्या कागदावर नुसती सही घेऊ नका, मुलं न वाचताच करतात. सहीआधी प्रत्येकाला विचारा, "नळ कुठेय, दाखव." दाखवला तरच सही.