कापा की बरका? वीस सेकंदांच्या ‘हे की ते’ व्हिडिओची स्क्रिप्ट कशी लिहावी

‘सुरमई की पापलेट’, ‘समुद्र की डोंगर’ असे व्हिडिओ कोकणातून रोज पडतात आणि खाली चार लोक ‘दोन्ही’ लिहून निघून जातात. ‘दोन्ही’ आलं की वाद संपला. म्हणून ही स्क्रिप्ट लिहिताना खरं काम एकच असतं, ‘दोन्ही’ म्हणायची वाट बंद करणं. फणसाचंच उदाहरण घेऊ.

आधी जोडी ठरवा. दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या हव्यात, दोघांचेही कट्टर भक्त हवेत. हापूस की पायरी हे विचारून उपयोग नाही, हापूसवाले पायरीला उभंच राहू देत नाहीत. कापा आणि बरका मात्र बरोबरीचे. कापा घट्ट गऱ्याचा, बरका मऊ आणि रसाळ. मालवणीत कापो आणि बरको. घरात, नाक्यावर, एसटीच्या रांगेत दहा जणांना विचारून बघा. आठ जण एकच उत्तर देत असतील तर जोडी सोडून द्या. सहा-चार किंवा पाच-पाच आलं, आणि त्यात कुणी आवाज चढवला, तर जोडी पक्की.

मग अडचण घाला. नुसतं ‘तुम्हाला काय आवडतं’ विचारलं की माणूस उदार होतो. डिकीत जागा एकाच फणसाची आहे म्हटलं की उदारपणा संपतो. पण अडचण कुणा एकाच्या बाजूने झुकता कामा नये. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘गाडीत बसून खायला कोणता?’ असं होतं. सगळे कापाच म्हणाले. चालत्या गाडीत बरका खाऊन सीट कोण बरबटवणार? मग मी ‘खायला’ काढून ‘न्यायला’ केलं.

आता स्क्रिप्ट. सावकाश बोललं तर वीस सेकंदांत पंचेचाळीसच्या आसपास शब्द बसतात, त्याहून जास्त कोंबू नका.

० ते ३ सेकंद. दोन फणस, मागे उघडी डिकी. “मुंबईची गाडी दारात. डिकीत एकच फणस मावतोय. कोणता?”

३ ते ९. “हा कापा. गरा कट्कन मोडतो, मधासारखा गोड, आणि खाताना हात फारसे बरबटत नाहीत.”

९ ते १५. “हा बरका. गरा जिभेवर ठेवला की घशात. आणि सांदणं करायची तर रस याचाच.”

१५ ते २०. “दोन्ही मावणार नाहीत. कापा की बरका? लिहा, आणि पुढे गावाचं नाव.”

दोन्ही बाजूंना तेरा-तेरा शब्द आहेत, मुद्दाम मोजून. एकीला जास्त वेळ दिलात की बघणाऱ्याला तुमचा कल कळतो आणि तो तुमच्याशीच भांडायला लागतो. शेवटच्या ओळीत ‘तुमचं मत सांगा’ लिहू नका, त्याने माणूस विचारात पडतो. एक शब्द आणि गावाचं नाव लिहायला काहीच लागत नाही. गावाचं नाव आलं की त्याच गावचा दुसरा खाली येऊन ‘आमच्या वाडीत तर बरकाच’ म्हणतो. गाडी तिथूनच पळते.

चित्रीकरणात एक गोष्ट विसरू नका. अख्खे फणस बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून पहिल्या तीन सेकंदांनंतर दोन्ही कापलेले दाखवा. कापाचा गरा माइकजवळ मोडा, तो आवाज हवाच. बरक्याची आठळी बोटांतून सुळकन निसटताना जवळून घ्या. फोन स्टँडवर आधी लावा, हाताला आणि कोयतीला खोबरेल नंतर. उलट केलंत तर चीक आणि तेल लागलेली स्क्रीन पुसत बसाल, मी बसलोय. पडद्यावरची नावं वरच्या अर्ध्या भागात ठेवा, खाली आणि उजवीकडे ॲपची बटणं येतात.

व्हिडिओ मे महिन्यात टाका. चाकरमानी गावी असतात आणि अंगणात फणस फोडलेला असतो. पाऊस लागला की गरे पाणचट होतात आणि भांडणाचा जोरही ओसरतो.

एक दिवसाने उत्तरं चाळा. नव्वद टक्के एकाच बाजूला असतील तर जोडी चुकली. ‘दोन्ही’ फार असतील तर अडचण कच्ची राहिली, पुढच्या वेळी डिकी आणखी लहान करा. आणि कुणी ‘फणस राहू दे, डिकीत सुक्या बांगड्याची पिशवी टाक’ लिहिलं, तर तुमची पुढची जोडी तिथेच आहे: सुका बांगडा की सुके बोंबील.