दक्षिण आफ्रिकेची राजधानी लिहिताना या चुका टाळा

दक्षिण आफ्रिकेची राजधानी विचारली की कुणी जोहान्सबर्ग लिहितो, कुणी 'तीन राजधान्या' एवढंच लिहून थांबतो. जोहान्सबर्ग हे देशातलं मोठं शहर आहे, पण राजधानी नाही. दुसरं उत्तर खरं असलं तरी अपुरं आहे, कारण कोणतं शहर कशासाठी हे त्यात येतच नाही. नीट लिहायचं तर असं लिहा: प्रिटोरिया प्रशासकीय, केप टाउन विधिमंडळाची आणि ब्लूमफाँटेन न्यायिक राजधानी.

ही वाटणी १९१० सालची आहे. चार ब्रिटिश वसाहती एकत्र आल्या, तेव्हा राजधानीचा मान सोडायला कोणीच तयार नव्हतं. मग ट्रान्सव्हालच्या प्रिटोरियाला सरकार, केपला संसद आणि ऑरेंज रिव्हर वसाहतीच्या ब्लूमफाँटेनला अपील न्यायालय मिळालं. नातालच्या वाट्याला शहर आलं नाही, पैशांची भरपाई आली.

सगळ्यात जास्त घोटाळा ब्लूमफाँटेनपाशी होतो. न्यायिक राजधानी म्हणजे देशाचं सर्वोच्च न्यायालय तिथंच, असं आपण धरून चालतो. तिथल्या न्यायालयाचं नावही 'सुप्रीम कोर्ट ऑफ अपील' आहे, त्यामुळे संशयही येत नाही. पण त्याच्या वर घटना न्यायालय आहे आणि ते जोहान्सबर्गला बसतं. २०१३ पासून ते केवळ घटनात्मक बाबींपुरतंही राहिलेलं नाही.

माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांचं प्रकरण पाहा. जून २०२१ मध्ये अवमानाबद्दल त्यांना १५ महिन्यांची कैद सुनावली, ती जोहान्सबर्गच्या घटना न्यायालयानं. पुढं त्यांना आजारपणामुळे दिलेला पॅरोल बेकायदा असल्याचा निकाल नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्लूमफाँटेनहून आला. तरीही वाद तिथं मिटला नाही. अपील जोहान्सबर्गला गेलं आणि २०२३ मध्ये फेटाळलं गेलं. म्हणून अशी बातमी लिहिताना आधी न्यायालयाचं नाव बघावं आणि मग शहर लिहावं. 'न्यायिक राजधानी' या शब्दावरून शहर ठरवलं की चूक होते.

प्रश्नाला एकच पर्याय निवडायचा असेल, तर प्रिटोरिया निवडा. राष्ट्राध्यक्षांचं मुख्य कार्यालय असलेली युनियन बिल्डिंग्ज तिथंच आहे आणि भारताचं उच्चायुक्तालयही. 'त्श्वाने' मात्र लिहू नका. ते प्रिटोरियाला सामावणाऱ्या महापालिकेचं नाव आहे, शहराचं नाव प्रिटोरियाच आहे.

हाच साचा बोलिव्हियाला लावू नका. तिथं राज्यघटनेनं राजधानी म्हणून सुक्रे हे एकच नाव दिलं आहे. सर्वोच्च न्यायालय सुक्रेत आहे, तर सरकार आणि संसद ला पाझमध्ये. तिथं 'घटनात्मक राजधानी सुक्रे, सरकारचं ठिकाण ला पाझ' असं लिहावं.