पगाराची बोलणी करण्याआधी सीटीसी फोडून घ्या: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दोन नोकऱ्यांची तुलना नुसत्या सीटीसीवर करणे. समजा, पुण्यात तुमची सध्याची सीटीसी साडेदहा लाख आहे आणि त्यात व्हेरिएबल काहीच नाही. नवी ऑफर बारा लाखांची आहे, म्हणजे कागदावर चौदा टक्के वाढ. पण त्या बारा लाखांत १,८०,००० व्हेरिएबल आहे. बेसिक सहा लाख धरले, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ ७२,०००, ग्रॅच्युइटी सुमारे २९,००० आणि विम्याचा हप्ता साधारण १५,००० हेही त्यातच मोजलेले असतात. हे सगळे वजा केल्यावर फिक्स्ड उरते ९,०४,०००, म्हणजे महिन्याला ७५,३३३. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ६,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात येतात ६९,१३३. जुन्या नोकरीतही बेसिक सीटीसीच्या निम्मे धरले, तर याच हिशेबाने हातात पडतात सुमारे ७३,४००. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी दोन्हीकडे आयकर शून्यच येतो, त्यामुळे हा फरक कराचा नाही. पगारवाढ घेऊन महिन्याला चार हजारांनी मागे, असा हा प्रकार.

दुसरी चूक म्हणजे फोनवर नुसते "इन-हँड किती?" विचारणे. रिक्रूटर अंदाजाने एखादा आकडा सांगतो आणि नंतर त्याला कोणी बांधील नसते. त्याऐवजी आपली अपेक्षा सांगण्याआधीच मेल टाका:

"ऑफरचा सॅलरी ब्रेकअप पाठवाल का? फिक्स्ड, व्हेरिएबल, कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा आणि कर धरून महिन्याचा इन-हँड असे वेगवेगळे हवे आहे. पीएफ पूर्ण बेसिकवर कापता की १,८०० वर मर्यादित ठेवता, हेही कळवा."

शेवटचा प्रश्न गाळू नका. पीएफ १,८०० वर थांबवला, तर हातातली रक्कम बरीच वाढते, मात्र तेवढी बचत कमी होते.

व्हेरिएबलचा आकडा कळला म्हणून समाधान मानू नका. गेल्या वर्षी या पदावर प्रत्यक्ष किती टक्के मिळाले, ते तिमाहीला मिळते की वर्षाला आणि देण्याच्या तारखेला नोकरीत असावे लागते का, हे विचाराच. वर्षअखेर देणारी कंपनी मार्चमध्ये सोडली, तर अनेकदा एक रुपयाही मिळत नाही. ग्रॅच्युइटीही कायम कर्मचाऱ्याला साधारणपणे पाच वर्षे झाल्यावरच मिळते. दोन-तीन वर्षांत नोकरी बदलणार असाल, तर तुमच्या हिशेबात ती शून्यच धरा.

"ब्रेकअप ऑफर लेटरमध्येच येईल," असे उत्तर आले, तर तोवर आकडा कबूल करू नका. रिक्रूटर बाहेरच्या एजन्सीचा असेल, तर त्याच्याकडे खरोखरच तपशील नसतो. तेव्हा कंपनीच्या एचआरकडून मागवून द्यायला सांगा. तपशील आला की बोलणी फिक्स्डवर करा: "सीटीसी बाराच राहू द्या, पण व्हेरिएबल ६० हजारांवर आणा." वरच्या उदाहरणात एवढ्यानेच महिन्याचे फिक्स्ड दहा हजारांनी वाढते. बेसिकही वाढवले, तर त्यातला काही भाग पीएफ आणि ग्रॅच्युइटीत जाईल, म्हणून नवा ब्रेकअप पुन्हा लेखी मागवा.