सोयाबीनचा हंगाम टिपताना या चुका टाळा

इंदूरजवळ, सांवेर किंवा देपालपूरकडे घरची शेती असेल, तर जूनअखेरच्या पेरणीपासून कापणीपर्यंत आठवड्याला एक, असे चौदा-पंधरा फोटो पुरतात. अट एकच, ते एकमेकांशी जुळले पाहिजेत.

नेमके तिथेच बिघडते. बांधावरची जागा 'अंदाजाने' धरली की ती दर खेपेला दोन-चार पावले सरकते. दुसऱ्या फोटोत झूम केलेले असते, आणि मग पीक वाढले की आपण जवळ गेलो, हे कळतच नाही. विहिरीच्या कठड्यासारख्या न हलणाऱ्या जागी रंगाची खूण करा. कॅमेरा छातीच्या उंचीवर, पश्चिमेकडे तोंड करून, सकाळी आठला धरा, म्हणजे हंगामभर ऊन पाठीशी राहते. मोबाइलवर 1x च ठेवा. पहिल्या फोटोत डाव्या कडेला वीजखांब आणि उजवीकडे कडुनिंब असेल, तर पुढच्या प्रत्येक फोटोत ते तिथेच हवेत. पहिला फोटो छापून सोबत न्यावा.

रंगाची चूक जास्त फसवी असते. कॅमेऱ्याचा स्वयंचलित मोड समोरचे सगळे मध्यम करड्या उजेडाचे मानतो. म्हणून चौकट काळ्या मातीने भरली की तो फोटो उजळवतो आणि माळव्याची माती राखाडी, फिकट दिसते. एक्स्पोजर -0.7 ते -1 वर घ्या. ओली ढेकळे काळी, पण एकमेकांपासून वेगळी दिसली की बरोबर. पिकाने माती झाकली की ही दुरुस्ती काढून टाका, नाहीतर पाने काळपट येतील. व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर कायम ठेवा आणि हिरवा गडद करणारे 'सीन' मोड बंद करा. ऑगस्टमध्ये पाने पिवळी पडू लागली तर ती पिवळीच दिसायला हवीत. पाणी साचल्याने की रोगाने, हे फोटो एकटा सांगणार नाही, पण आधीच्या आठवड्याच्या फोटोत सरीत पाणी दिसले तर शोधाला दिशा मिळते.

म्हणूनच चिखलाचा, तणाचा आठवडा गाळू नका. ज्या आठवड्याचा फोटो नाही, तिथेच बहुतेक वेळा काहीतरी बिघडलेले असते.

माणसांचे फोटो काढताना 'जरा थांबा, इकडे बघा' म्हटले की काम संपते आणि पोझ सुरू होते. आधी परवानगी घ्या, मग अर्धा तास कॅमेरा न उचलता बांधावर बसा. निंदणीला एक ओळ पूर्ण होईपर्यंत बघा: वाकणे, तण उपटणे, मुठीतले तण बांधावर टाकणे, कंबर सरळ करणे. हे चारही क्षण हवेत, फक्त हसरा चेहरा नको. फोटोखाली तारीख, काम, किती माणसे आणि किती तास, एवढे त्याच दिवशी लिहा. घरी आपण कोळपणी म्हणतो, तरी शेतावरचे लोक 'डोरा' म्हणत असतील तर तोही शब्द लिहा.