प्रेग्नन्सी टेस्टवर उशिरा दिसलेली फिकट रेघ: खरी की वाळल्याची?

सकाळी सहाला टेस्ट केली, पाच मिनिटांनी बघितलं तर फक्त सी ची लाइन, म्हणून किट कचऱ्यात टाकलं. आणि दहा वाजता परत काढून बघितलं तर टी जवळ फिकट रेघ! इथे बऱ्याच जणींच्या काळजात धस्स होतं. पण या रेघेवरून काहीच ठरवायचं नाही, का ते सांगते.

किटच्या आतल्या पांढऱ्या पट्टीवर टी च्या जागी अँटिबॉडीची बारीक रेघ आधीपासूनच असते, फक्त ती दिसत नाही. लघवीत एचसीजी हार्मोन असेल तर ते रंगाचे कण सोबत घेऊन तिथे अडकतं आणि लाइन उमटते. हार्मोन नसेल तर रंग पुढे निघून जातो. मात्र तासाभरात पट्टी वाळली की तीच रेघ करड्या सावलीसारखी दिसायला लागते, आणि वाळताना कधीकधी पुढे गेलेला रंग मागे ओढला जाऊन तिथे थोडा बसतोही. म्हणजे रेघ दिसते पण हार्मोनचा पत्ता नसतो.

आता टेस्ट कशी करायची. पाळी चुकल्यावर सकाळची पहिली लघवी घ्या, त्याआधी तांब्याभर पाणी पिऊ नका, लघवी पातळ होते. पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब टाका, किट सपाट जागी ठेवा आणि लगेच मोबाईलवर टायमर लावा. बहुतेक किटची वेळ पाच मिनिटांच्या आसपास असते पण आपल्या पाकिटावरचीच वेळ धरा, किती वेळानंतर बघू नका तेही तिथेच लिहिलेलं असतं. वेळ झाली की उजेडात बघा, फोटो काढा म्हणजे नंतर शंका येणार नाही, आणि किट टाकून द्या.

वेळेत आलेली रेघ फिकट असली तरी तिला किटचा रंग असतो, गुलाबी किट तर गुलाबी, आणि रुंदी सी च्या लाइनएवढी असते. अशी रेघ पॉझिटिव्हच समजा. वाळल्याची रेघ बहुतेक वेळा करडी, बारीक, कडा धूसर अशी असते. पण रंग मागे आला तर तीही गुलाबट दिसू शकते, म्हणून उशिरा दिसलेल्या रेघेचा रंग बघून फसू नका, फोटो फिल्टरने गडद करूनही उपयोग नाही, सावलीपण गडद होते.

मग वरच्या केसमध्ये काय करायचं? पाच मिनिटांचा रिझल्ट निगेटिव्ह धरायचा, पण शेवटचा नाही. दोन दिवस थांबून नवीन किट वापरा, कारण सुरुवातीला एचसीजी साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं, गर्भ असेल तर आता वेळेतच रेघ येईल. तरीही कळेना तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं बीटा एचसीजी करून घ्या. मात्र पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल, रक्त जात असेल किंवा चक्कर येत असेल तर दोन दिवस थांबायचं नाही, रेघ असो वा नसो, लगेच दवाखाना गाठा.