साठ पानांचे धोरण एका पानावर आणताना

शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसाठी आणि पालकांसाठी धोरणांची सारांशपत्रके तयार करण्याचे काम मी करते. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी नेहमी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 हेच उदाहरण घेऊन पद्धत समजावते, कारण हा दस्तऐवज साठाहून अधिक पानांचा आहे, त्याची 4 भागांत 27 प्रकरणे आहेत आणि त्यातील बहुतेक परिच्छेदांना क्रमांक दिलेले आहेत.

सुरुवात वाचकापासून करावी. प्राथमिक शाळेच्या पालकाला उच्च शिक्षणाचा दुसरा भाग या पानावर नको असतो. त्याला पहिल्या भागातील मोजकीच प्रकरणे हवी असतात. प्रकरणांचीच नावे शीर्षके म्हणून उतरवण्याचा मोह होतो, परंतु ती नावे धोरण लिहिणाऱ्यांच्या सोयीची असतात. पालकाच्या मनात असतात ते प्रश्न: मूल कोणत्या वयात कोणत्या टप्प्यात असेल, कोणत्या भाषेत शिकेल, तिसरीपर्यंत त्याला काय यायला हवे. हे प्रश्नच शीर्षके करावीत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चार ओळींच्या लहान तक्त्यात बसते: पायाभूत टप्पा 3 ते 8 वर्षे, पूर्वतयारीचा 8 ते 11, माध्यमिकपूर्व 11 ते 14 आणि माध्यमिक 14 ते 18. एवढ्यात 5+3+3+4 ही रचना समजते, तिच्यावर वेगळा परिच्छेद लागत नाही.

खरे कष्ट चौकटींवर पडतात. वाचक घाईत असला तरी चौकट वाचतोच आणि पुढे इतरांना सांगतो तेही चौकटीतलेच. म्हणून तेथे एक शब्द गळला तरी अर्थ बदलतो. परिच्छेद 4.11 घ्या. त्याचा गाभा असा, की शक्य असेल तेथे किमान इयत्ता 5वीपर्यंत, परंतु शक्यतो 8वीपर्यंत आणि त्यापुढेही, शिक्षणाचे माध्यम घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक किंवा प्रादेशिक भाषा असेल आणि हे सरकारी व खासगी अशा दोन्ही शाळांनी पाळायचे आहे. घाईने केलेल्या सारांशात याचे ‘पाचवीपर्यंत मातृभाषा सक्तीची’ होते. हे वाक्य सुटसुटीत आहे, पण चुकीचे आहे; ‘शक्य असेल तेथे’ ही अट गेली, चार पर्यायांतील तीन भाषा गेल्या आणि ‘सक्तीची’ हा मूळ मजकुरात नसलेला शब्द आत आला. मी चौकट अशी लिहीन:

> माध्यम कोणते? शक्य असेल तेथे किमान 5वीपर्यंत, शक्यतो 8वीपर्यंत व पुढेही घरची, मातृ, स्थानिक किंवा प्रादेशिक भाषा. सरकारी व खासगी शाळांसाठी. (परिच्छेद 4.11)

यासाठी पहिल्या वाचनातच अटींचे शब्द एका रंगाने आणि वर्षे व आकडे दुसऱ्या रंगाने खुणावून ठेवावेत. विशेषणे आणि प्रस्तावना निर्धास्त कापाव्यात. अट मात्र कापू नये. जागा पुरत नसेल तर पूर्ण चौकट वगळावी, अर्धी ठेवू नये. एका पानावर तीनपेक्षा अधिक चौकटी मी ठेवत नाही, कारण सगळेच चौकटीत गेले की नजर कुठेच थांबत नाही.

वर्षांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. प्राथमिक स्तरावर पायाभूत वाचन, लेखन आणि अंकज्ञान सर्व मुलांना यावे यासाठी धोरणाने 2025 हे वर्ष दिले आहे, तर त्यानंतर 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने 2026-27 हे लक्ष्य ठेवले. दोन्ही आकडे खरे आहेत, परंतु ते वेगवेगळ्या दस्तऐवजांतील आहेत. पत्रकात अभियानाचे वर्ष द्यायचे असेल तर त्याच ओळीत अभियानाचे नाव यावे, अन्यथा पडताळणारा मूळ धोरण उघडेल आणि त्याला ते वर्ष सापडणार नाही.

मांडणीबद्दल थोडेच. ए-4 कागद, 11 किंवा 12 पॉइंटचा युनिकोड टंक आणि चौकटीला बारीक रेघ एवढे पुरे. रंगीत किंवा करडी पार्श्वभूमी टाळावी, कारण शाळेत पत्रकाची झेरॉक्स निघते आणि तिच्यात ती पार्श्वभूमी काळवंडून अक्षरे बुजतात. मजकूर बसत नाही म्हणून टंक 9 पॉइंटवर आणू नये, मजकूर कमी करावा.

शेवटी पत्रक विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला वाचायला द्यावे, नंतर ते तिच्याकडून काढून घ्यावे आणि माध्यमाविषयी काय वाचले ते तिच्याच शब्दांत सांगायला सांगावे. तिच्या उत्तरात ‘शक्य असेल तेथे’ आले नाही, तर चौकट पुन्हा लिहायची. बहुतेक वेळा अट वाक्याच्या मध्ये दडलेली असते आणि ती सुरुवातीला आणली की लक्षात राहते.